शेवटचं बटण कुणी दाबलं?

घरातली लाईट गेली की मराठी माणूस आधी गॅलरीत जातो. कारण शोधायला नव्हे, सोबत शोधायला. समोरच्या इमारतीतही अंधार असेल तर "सगळ्यांचीच गेलीय" असं जाहीर करून तो शांतपणे वर्तमानपत्राने वारा घेत बसतो. पण समोर टीव्ही चालू, खाली लिफ्ट चालू, शेजारच्यांच्या मिक्सरचा आवाजही चालू, आणि अंधार फक्त आपल्याच दोन खोल्यांत, असं दिसलं की घराचं कोर्ट होतं. "आत्ता कुणी काय लावलं?" हा पहिला प्रश्न. याचं उत्तर ज्याच्याकडे असेल तो आरोपी. चौकशी तिथेच संपते.

ही न्यायपद्धती मी ठाण्यात आत्याकडे फार जवळून पाहिली आहे. तिथे कायमचा आरोपी टोस्टर होता. टोस्टरची दांडी खाली केली की कधी कधी बेडरूमचा पंखा थांबायचा, ट्यूब जायची आणि स्वयंपाकघरातून "बघा, गेली!" असा आवाज यायचा. टोस्टर पांढऱ्या पायाचा आहे यावर घरात एकमत होतं. आजींचं मत याहून कडक होतं. पाव ही वस्तूच मुळात भाजायची नव्हे, असं त्या म्हणत. टोस्टर दुरुस्तीला गेला, तिथे तो दिवसभर शहाण्यासारखा चालला, आणि घरी आल्यावर पुन्हा तेच. त्यामुळे वस्तूत दोष नाही, वास्तूत आहे, असाही एक पक्ष तयार झाला.

वास्तुपक्षाचं म्हणणं निम्मं खरं होतं, पण ते पुढे.

घरातल्या वस्तूंच्या खाण्यापिण्याबद्दल आपले अंदाज कायम चुकतात, कारण आपण कानांनी मोजतो. मिक्सर चटणी करताना विमान उतरल्यासारखा ओरडतो, म्हणून तो फार वीज खात असणार असं वाटतं. प्रत्यक्षात घरगुती मिक्सर पाचशे ते साडेसातशे वॉटचा असतो आणि एका वेळी दोन मिनिटं चालतो. फ्रिज रात्रभर कण्हतो, पण चालू असताना त्याला शे-दोनशे वॉट पुरतात. पंखा पंचाहत्तर वॉट. एलईडी दिवा नऊ. दिवाळीत खिडकीत लावलेल्या माळेला तर उगीचच बोलणी बसतात. ती झगमगते, पण खात जवळजवळ काहीच नाही.

खरे खादाड मुकाट बसलेले असतात. इस्त्री एक अक्षर बोलत नाही आणि हजार वॉट घेते. वाफेची असेल तर बाराशेपासून दोन हजारापर्यंत. टोस्टर आठशेच्या आसपास. केस वाळवायचा ड्रायर थोडा गुणगुणतो, पण तो आवाज त्याच्या पंख्याचा. वीज खाते ती आतली तापलेली तार, हजारपासून दोन हजार वॉटपर्यंत. विजेच्या किटल्या, पाण्यात सोडायचा रॉड, गिझर, सगळे याच घराण्यातले. फिरणारी आणि उजेड देणारी वस्तू थोडक्यात भागवते. जी तापते ती ताटावरून उठत नाही. कारण या मंडळींना विजेतून फक्त उष्णता हवी असते, आणि एक पेला पाणी किंवा एक ओला सदरा तापवायला किती ऊर्जा लागते याचा आपल्याला अंदाजच नसतो. शंभर वॉटच्या जुन्या पिवळ्या बल्बचा चटका आठवत असेल, तर इस्त्री म्हणजे तसे दहा बल्ब एका तव्यात कोंबलेले.

आता आत्याकडच्या एका सकाळकडे येऊ. आतेबहिणीचा साखरपुडा होता आणि नऊला निघायचं होतं. बेडरूममध्ये काका कॉटनचा कुर्ता इस्त्री करत होते. त्याच खोलीत आरशासमोर आतेबहीण केस वाळवत होती. स्वयंपाकघरात मामी पाहुण्यांच्या पोरांसाठी टोस्ट करत होत्या. इस्त्री हजार वॉटची, ड्रायर सोळाशेचा, टोस्टर आठशेचा. वॉटला घरच्या २३० व्होल्टने भागलं की अँपिअर मिळतात. इस्त्रीचे सव्वाचार, ड्रायरचे सात, टोस्टरचे साडेतीन. दोन पंखे, ट्यूब, चार्जर यांचा मिळून एक. बेरीज साधारण सोळा.

दारावरच्या पेटीत या सगळ्यांच्या नावाने जो खटका होता, त्यावर C10 असं छापलं होतं. म्हणजे दहा अँपिअर.

इथे वाचक म्हणेल, सोळा हे दहापेक्षा जास्त, म्हणून पडला, संपलं. तसं असतं तर घराघरांत भांडणं झाली नसती. गंमत ही आहे की खटका लगेच पडला नाही. काकांची इस्त्री आणि बहिणीचा ड्रायर बराच वेळ सुखाने चालले होते. पावाची पहिली जोडी भाजून निघाली, पोरांनी ती खाल्ली. दुसरी जोडी आत गेली आणि अर्ध्यात सगळं बंद. मामी म्हणाल्या, "मी फक्त पाव टाकला हो!" आणि ते अक्षरशः खरं होतं.

खटक्याच्या, म्हणजे एमसीबीच्या, पोटात दोन वेगवेगळे पहारेकरी असतात. एक चुंबकाची गुंडाळी. ती फक्त दंगल झाली तर उठते. दोन तारा एकमेकींना चिकटून शॉर्टसर्किट झालं, करंट दहाच्या जागी शंभराच्या घरात उसळला, की ती डोळ्याचं पातं लवायच्या आत खटका पाडते. सोळा अँपिअर म्हणजे तिच्या दृष्टीने किरकोळ बाचाबाची. दुसरा पहारेकरी म्हणजे दोन वेगवेगळ्या धातूंची चिकटवलेली पट्टी. करंट तिच्यातून जातो, ती तापते, एक धातू दुसऱ्यापेक्षा जास्त प्रसरण पावतो आणि पट्टी वाकू लागते. पुरेशी वाकली की खटका सोडते. हिला घाई नसते. नियमाप्रमाणे छापील आकड्याच्या १.१३ पट करंट असेल तर तिने तासभर तरी सोसायचं, आणि १.४५ पट असेल तर तासाभराच्या आत पडायचंच. म्हणजे दहाचा खटका अकरा अँपिअरला काही बोलत नाही. साडेचौदाला बोलतो, पण केव्हा बोलेल ते सांगत नाही. सोळाला काही मिनिटांत, कधी पाव तासाने.

आता ती सकाळ पुन्हा मोजा. इस्त्री, ड्रायर आणि पंखे मिळून सव्वाबारा. पट्टी तापू लागली होती, थोडी वाकलीही होती, पण अजून सोसत होती. टोस्टर आल्यावर सोळा झाले. पहिल्या जोडीपर्यंत ती आणखी वाकली, टोस्टर थांबला तेव्हा जरा सावरली, दुसऱ्या जोडीला तिने हात टेकले. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ, असं आपण म्हणतो तेव्हा कावळ्याला निर्दोष सोडतो. इथे कावळ्याचंही वजन होतंच, फक्त फांदीवर आधीपासून दोन घारी बसल्या होत्या आणि त्यांच्याकडे कुणी बघत नव्हतं.

यात इस्त्रीने आणखी गोंधळ घातलेला असतो. इस्त्री सतत वीज घेत नाही. ठरलेल्या तापमानाला पोचली की आपली आपण बंद होते, निवली की पुन्हा सुरू. तिच्या मुठीजवळचा छोटा दिवा विझतो-पेटतो तो हाच हिशेब. दिवा विझलेला असताना काकांच्या घरातली बेरीज बारा अँपिअरच्या आत येते, आणि टोस्ट, केस, सगळं निर्विघ्न पार पडतं. म्हणूनच "काल तर तिन्ही एकदम चालले होते" असं शपथेवर सांगणारा साक्षीदार प्रत्येक घरात मिळतो. त्या दिवशी बहुधा रेशमी साडीला इस्त्री चालू असेल. रेशमाला चाक खाली ठेवतात, इस्त्री थोडा वेळ चालू आणि बराच वेळ बंद असते. कॉटनच्या ओल्या कुर्त्याला चाक शेवटच्या टोकाला, आणि दिवा विझायचं नाव नाही. साखरपुड्याला काकांनी रेशमी कुर्ता घातला असता तर टोस्टरची अब्रू वाचली असती.

शिवाय इस्त्रीला बंद-चालू करणारा तो थर्मोस्टॅटसुद्धा साध्या इस्त्रीत दोन धातूंची पट्टीच असतो. म्हणजे एक पट्टी बेडरूममध्ये वाकते, तिची चुलतबहीण दारावरच्या पेटीत वाकते, आणि या दोघींच्या वाकण्यामधून घरातले लोक टोस्टरचं चारित्र्य ठरवतात.

खटका पडल्यावरची दृश्यं सर्वत्र सारखी असतात. घरातला सर्वांत उंच किंवा सर्वांत मोठ्याने बोलणारा पुरुष स्टुलावर चढतो आणि खटका वर करतो. खाली कुणीच काही बंद केलेलं नसतं, कारण प्रत्येकाला वाटतं दुसरा करेल. खटका पुन्हा पडतो, आणि या वेळी लवकर पडतो. "आता तर लगेच पडतोय, म्हणजे नक्की मोठं काहीतरी आहे!" मोठं काही नसतं. पट्टी अजून गरम असते, तिला वाकायला आता थोडंच अंतर उरलेलं असतं. दोन-चार मिनिटं थांबून, आधी ड्रायर बंद करून खटका वर केला तर तो राहतो. पण साखरपुड्याच्या सकाळी दोन-चार मिनिटं थांबा असं सांगणाऱ्या माणसाला कोण विचारतो?

आत्याच्या घरी त्या दिवशी मामांनी याहून मूलगामी उपाय केला. खटका राहत नाही ना, मग धरून ठेवू. आजींच्या काठीचं टोक खटक्याखाली लावून ते उभे राहिले. काठी वर, खटका वर, आणि लाईट मात्र नाही. एमसीबी बनवणाऱ्यांना आपल्यासारख्या मामांची पूर्ण कल्पना असते. बाहेरची दांडी वर अडकवून ठेवली तरी आतला जोड सुटतोच, अशी त्याची रचना असते. तिथे चिकटपट्टी लावणं, सुतळी बांधणं, भाच्याला स्टुलावर उभं करणं, सगळं व्यर्थ. मामा तरीही दोन मिनिटं काठी धरून उभे होते, कारण सोडली तर हरल्यासारखं झालं असतं.

जुन्या किटकॅट फ्यूजच्या काळात मामांसारख्या लोकांना जास्त वाव होता. चिनी मातीची ती पांढरी खुंटी, तिच्यात बारीक फ्यूज वायर. ती वितळली की वायर बदलायची. दोनदा वितळली की घरातला कर्ता पुरुष तांब्याची जरा जाड तार घालायचा, आणि त्यानंतर फ्यूज कधीच उडायचा नाही. लोक याला कौशल्य म्हणत. प्रत्यक्षात त्यांनी पहारेकऱ्याला कायमचं झोपवलेलं असायचं. आज हेच काम करायला वायरमनला बोलावतात. "भाऊ, हा दहाचा फार नाजूक आहे. बत्तीसचा टाका ना." चांगला वायरमन असेल तर तो अंगाखांद्यावर ओझं पडल्यासारखा उसासा टाकतो आणि म्हणतो, "काकू, खटका बदलून देतो, पण मग भिंतीतली वायर कोण बदलणार?"

सगळी गोम इथे आहे. एमसीबी इस्त्रीला, टोस्टरला किंवा आपल्याला वाचवायला बसवलेला नसतोच. तो भिंतीतल्या तारेला वाचवायला असतो. दिवे-पंख्यांच्या लाईनला बहुधा दीड चौरस मिलिमीटरची तार असते, आणि भिंतीत, पाइपात, चार तारांच्या गर्दीत ती साधारण पंधरा अँपिअरपर्यंतच सुखात असते. करंट दीडपट झाला की तारेतली उष्णता दीडपट होत नाही, सव्वादोन पट होते. वरचं पीव्हीसीचं वेष्टन सत्तर अंश सेल्सियसपर्यंत चालेल अशा हिशेबाने बनवलेलं असतं. बत्तीसचा खटका लावला तर तो छत्तीस अँपिअरपर्यंत तासभर हूं की चूं करणार नाही. तोवर भिंतीच्या आत ती तार स्वतःच फ्यूज व्हायच्या तयारीला लागलेली असेल. फरक इतकाच की फ्यूज बदलता येतो. तारेसाठी रंगासकट भिंत फोडावी लागते, आणि तेही नशीब चांगलं असेल तर.

तारेच्या आधी बहुतेक वेळा तक्रार करतं ते सॉकेट. लहान तीन पिनांचं सॉकेट सहा अँपिअरचं, म्हणजे जेमतेम पावणेचौदाशे वॉटचं. सोळाशेचा ड्रायर त्यात घालायचा नसतोच, म्हणून त्याला जाड पिनांचा पॉवर प्लग येतो. पण आपल्याकडे वीस-तीस रुपयांत जाड पिन बारीक भोकात घालून देणारा कन्व्हर्जन प्लग मिळतो, आणि तो प्रत्येक घराच्या खणात असतो. आतेबहिणीने तो लावला होता. वापरून झाल्यावर अशा प्लगला हात लावून बघावा. कोमट असेल तर ठीक; चटका बसत असेल, सॉकेटच्या भोकांभोवती पिवळट-तपकिरी वलय आलं असेल किंवा मासळीसारखा वास येत असेल, तर खटका पडायची वाट पाहू नये. एमसीबीला सॉकेटचा वास येत नाही. त्याच्या दृष्टीने सात अँपिअर म्हणजे तीन कमीच आहेत.

वास्तुपक्षाचं निम्मं खरं कसं होतं ते आता सांगतो. टोस्टर स्वयंपाकघरात आणि इस्त्री बेडरूममध्ये, मग दोघांचा खटका एक कसा? आत्याने ओट्याचं काम नव्याने केलं तेव्हा कोपऱ्यात एक जादा सॉकेट मागितलं होतं. ओट्यामागची भिंत बेडरूमची. तिथल्या बोर्डातून भिंत पोखरून दोन फुटांत तार इकडे आणणं सोपं होतं. दारावरच्या पेटीपासून नवी लाईन आणायला सगळं घर उकरावं लागलं असतं. तार आली, सॉकेट झालं, पैसे वाचले. त्या दिवसापासून विजेच्या नकाशावर तो कोपरा बेडरूममध्ये होता. आपण खोल्या दारं बघून मोजतो, वीज तारा बघून मोजते. म्हणूनच "इथला लोड जास्त होतोय, तिकडच्या खोलीतून एक्स्टेंशन बोर्ड आणा" हा सल्ला कधी फळतो, कधी नाही. तिकडची खोली त्याच खटक्यावर असेल तर फक्त अडखळायला एक वायर वाढते.

अमेरिकेतून आलेल्या चुलतभावाला हे सगळं सांगितलं तर तो म्हणाला, त्यांच्याकडे हे दुःख दुप्पट आहे. तिथे घरात एकशेवीस व्होल्ट, म्हणजे तेवढ्याच वॉटला जवळपास दुप्पट अँपिअर. तिथले ड्रायर १८७५ वॉटचे असतात आणि तो विचित्र आकडा १५ अँपिअर गुणिले १२५ व्होल्ट असा येतो. म्हणजे एकटा ड्रायरच पंधरा अँपिअरची लाईन काठोकाठ भरतो. शेजारी इस्त्री लावायला जागाच नाही. त्याच्या बायकोने तोच ड्रायर इकडे आणून पिन बदलणाऱ्या अडॅप्टरवर लावायचा विचार केला होता. अडॅप्टर पिनांचा आकार बदलतो, व्होल्ट नाही. २३० व्होल्टवर तो ड्रायर जवळजवळ चौपट वीज ओढू पाहील. केस वाळण्याआधी ड्रायरच वाळेल. तिला वेळेत थांबवलं गेलं, याचं श्रेय आजींना. त्यांनी कुठल्याही तांत्रिक कारणाशिवाय "नको" म्हटलं होतं.

साखरपुड्यानंतरच्या रविवारी वायरमन आला. त्याने आधी विचारलं, "पडतो तेव्हा लगेच पडतो की थोड्या वेळाने?" घरात हा प्रश्न कुणालाच सुचला नव्हता. बटण दाबताक्षणी खाड्‌कन पडत असेल तर वस्तूत किंवा तारेत शॉर्ट आहे. एकेक वस्तू काढून शोधायचं. थोड्या वेळाने, बऱ्याच वस्तू चालू असताना पडत असेल तर लोड. आणि बारका खटका न पडता शेजारचा रुंद, 'T' अक्षराचं बटण असलेला पडत असेल तर बेरजेशी त्याचा संबंध नाही. कुठेतरी वीज अंगावर येऊ शकेल अशी गळते आहे. तो ३० मिलिअँपिअरच्या गळतीलाही पडतो, आणि अशा वेळी बहुधा जुना गिझर किंवा वायर सोललेली इस्त्री पकडली जाते. "तो पडला तर टोस्टरला शिव्या घालू नका, मला फोन करा," असं सांगून त्याने टोस्टरच्या कोपऱ्यासाठी पेटीपासून अडीच चौरस मिलिमीटरची वेगळी तार, सोळाचा खटका आणि सोळा अँपिअरचं सॉकेट असा खर्च सांगितला. खर्च ऐकून काका म्हणाले की टोस्ट तव्यावरही चांगले होतात. आत्या काही बोलली नाही. पट्टी बांधून तार बाहेरून काढली गेली.

जाता जाता वायरमनने एक काम भाच्याला लावलं. एकेक खटका खाली करायचा, घरभर फिरून काय बंद पडलं ते बघायचं आणि चिठ्ठी चिकटवायची. भाच्याने हे इतकं मनापासून केलं की दुपारभर कुणालाही टीव्ही सलग बघता आला नाही. "हॉल व गॅलरी", "बेडरूम (इस्त्री)", "टोस्टर एकटा", "गिझर" अशा चिठ्ठ्या लागल्या. शेवटी एक खटका उरला. तो खाली केला तर काहीच बंद होईना. दिवे चालू, पंखे चालू, फ्रिज चालू. काकांनी तो बिल्डरने उगीच लावलेला जादा खटका आहे असा निर्णय दिला, भाच्याने "बिनकामाचा" अशी चिठ्ठी लावली आणि तो खालीच ठेवला. पुढचे काही दिवस घर फार शांत होतं. दूधवाला, पेपरवाला, सोसायटीचे सेक्रेटरी, कुणी म्हणून बेल वाजवली नाही. आत्याला वाटलं, साखरपुड्याला बोलावलं नाही म्हणून सगळे रागावले.